शिडी धरणारा

साखर कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो. उंचावर काम करताना काय काळजी घ्यावी, यावर वर्षानुवर्षं भाषणं दिली. निवृत्तीनंतर बारामतीत घर बांधलं, आणि ऐकायला कोणी उरलं नाही म्हणून बायकोला आणि कामाच्या मावशींना ऐकवू लागलो.

मावशी रोज जवळच्या कन्हेरी गावाहून येत. त्या दिवशी मीच त्यांना पंखा पुसायला सांगितला. "बिनधास्त चढा, शिडी मी धरतो," म्हणालो. तेवढ्यात फोन वाजला. एका जुन्या सहकाऱ्याला माझा सल्ला हवा होता. असला मान हल्ली क्वचितच मिळतो, म्हणून मी शिडी सोडून बाहेर गेलो. मागे धाडकन आवाज झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. मनगट मोडलं होतं.

"कशा पडल्या?"

"पाय घसरला," मी पटकन म्हणालो.

मावशी वेदनेनं डोळे मिटून होत्या. तशाच म्हणाल्या, "पाय न्हाय घसरला. शिडी हालली. धरायला कुणी नव्हतं."

डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. बायको माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचू लागलो.

संध्याकाळी वकील मित्राला फोन केला. खरं तर मला सुटका हवी होती.

"कारखान्यातल्या कामगाराला भरपाईचा कायदा असतो, तसा सरळ मार्ग घरकाम करणाऱ्या बाईला नाही," तो म्हणाला. मला हायसं वाटलं, तोच तो पुढं बोलला, "पण काम तू सांगितलंस, शिडी तुझी, सोडलीस तूच. निष्काळजीपणाचा दिवाणी दावा त्या लावू शकतात. दावा लावेपर्यंत थांबणार आहेस का?"

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको कन्हेरीला गेलो. मावशींचा नवरा उसाला पाणी देऊन आला होता. त्यानं चहा विचारला, पण आवाज कोरडाच होता.

"ही घरी बसली, तर तुमी दुसरी बाई बघणार. मग आमी काय करायचं?"

वाटेत मी भाषण जुळवलं होतं. शेवटी एवढंच म्हणालो, "चूक माझी आहे. दवाखान्याचा सगळा खर्च माझा. हात बरा होईपर्यंत पगार चालू राहील, आणि काम त्यांचंच."

"आन् हात वाकडा ऱ्हायला तर?" मावशींनी विचारलं.

मी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "तर जेवढं जमेल तेवढंच काम करा. पगार कमी व्हायचा नाही."

मावशींनी मान हलवली. "व्हय, मग ठीक हाय."

प्लास्टर निघाल्यावर व्यायामासाठी मीच त्यांना दवाखान्यात नेऊ लागलो. त्या रबरी चेंडू दाबत, मी शेजारी बसून सूचना देई. तिसऱ्या खेपेला व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं.

मूठ हळूहळू वळू लागली. मावशी कामावर परत आल्या, पण ओली चादर पिळताना मनगट अजून दुखतं. म्हणून चादरी आता मी पिळतो.