विसर्जनानंतर परत आलेली मखरं

माझी धाकटी जाऊ कात्रजला राहते आणि घडीची मखरं करते. कापड आणि पुठ्ठा, थर्माकोलचा तुकडासुद्धा नाही. शिवायला दोन बायका येतात. मखरं विकली जातात एका मोठ्या ऑनलाइन संकेतस्थळावर. त्या वर्षी गणपतीत तिची इतकी विक्री झाली की दिरांनी टेम्पो घ्यायच्या गोष्टी सुरू केल्या. आणि नवरात्र संपता संपता तिचा फोन आला, "ताई, विकलं खूप, पण हातात काहीच आलं नाही. बायकांची शिलाई द्यायचीय दिवाळीच्या आधी. माझं नक्की चुकतंय कुठे, येऊन बघता का?"

मी सनदी लेखापालाच्या ऑफिसात आयुष्य काढलेली बाई. निवृत्त झाले तरी हिशोब म्हटला की हात शिवशिवतात. रविवारी सकाळीच गेले.

तिनं पहिली चूक केली होती ती अगदी साधी. आठवड्यात गेलेल्या ऑर्डरी एका बाजूला आणि त्याच आठवड्यात बँकेत जमा झालेली रक्कम दुसऱ्या बाजूला, असं ठेवून ती वजाबाकी करत बसली होती. असं कधी जुळत नाही. आज जमा होणाऱ्या हप्त्यात मागच्या ऑर्डरी असतात, आणि आधी पैसे मिळालेलं मखर नंतर परत आलं तर त्याची रक्कम पुढच्या हप्त्यातून कापून घेतात. म्हणून हप्ता बाजूला ठेवायचा आणि ऑर्डर क्रमांक धरायचा. एका क्रमांकापुढे किंमत, कमिशन, पाठवणीचं भाडं, त्यावरचा जीएसटी, कापलेला कर, आणि शेवटी खरंच हातात आलं ते. मी तिच्या लॅपटॉपवर सगळ्या हप्त्यांचे तक्ते उतरवून घेतले आणि क्रमांकाला क्रमांक लावत सुटले.

खोटं कशाला बोलू, मी चोर पकडायच्या तयारीनंच बसले होते. पण गिऱ्हाइकांनी ठेवून घेतलेली मखरं दरपत्रकाप्रमाणे चोख निघाली. रुपयाचा फरक नाही. घोळ होता तो सगळा परत आलेल्या मालात.

काही पार्सलं गिऱ्हाइकाच्या दारात कुणी नव्हतं म्हणून न उघडताच परत फिरली होती. अशा मालाला परतीचं भाडं लागत नाही, हा त्यांचाच नियम. तरी ती "गिऱ्हाइकानं परत केलं" या सदरात घालून भाडं कापलेलं. काहींची पूर्ण किंमत कापली होती, पण मखर घरी आलंच नव्हतं. माग काढला तर पार्सल कुठल्याशा गोदामात बसलेलं. गोदामात आमचं मखर बसलंय आणि पैसे आमचेच कापलेत! मी एवढ्या मोठ्यानं बोलले की शिवणाऱ्या दोघी मशीन थांबवून बघायला लागल्या.

उरलेली मात्र गिऱ्हाइकांनी खरोखरच परत केलेली. मी त्यांच्या तारखा पाहिल्या आणि मला आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या विसर्जनानंतरच्या. कुणी दीड दिवसांचे, कुणी पाच दिवसांचे, कुणी अनंत चतुर्दशीचे. कारण एकच: "अपेक्षेप्रमाणे नाही." बाप्पा पाटावरून उठेपर्यंत अपेक्षेप्रमाणे होतं, पाण्यात गेल्यावर नव्हतं! नारळाचे दहा रुपये जास्त पडले तर कुरकुर न करता देतात, आणि देवाची आरास मात्र उधारीची.

"वापरून परत केलं तर भरपाई मागता येते," मी म्हणाले. "पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ लागतो. काढलेस ना?"

"काढले."

"मग इथे हे दावे नामंजूर कसे दिसतायत?"

ती ओढणीचं टोक पिळत बसली. व्हिडिओ मीच लावून पाहिले. पार्सल उघडतं, व्हिडिओ थांबतो. मग पुन्हा सुरू होतो आणि समोर स्वच्छ मखर. संकेतस्थळाचं उत्तर: वस्तू सुस्थितीत आहे.

"मधे काय केलंस?"

"पुसून घेतलं हो. हळदकुंकू लागलेलं होतं. घडीत अक्षता होत्या, एकात तर दुर्वासुद्धा. ते तसंच कॅमेऱ्यासमोर उलटंपालटं करून दाखवायचं? माझा हातच होईना. अक्षता तुळशीत टाकल्या आणि मग पुढचा व्हिडिओ काढला."

मी कपाळावर हात मारला. पुरावा हिनं स्वतःच्या ओढणीनं पुसला होता. तिच्यावर ओरडलेही. पण खरा राग तिच्यावर नव्हता. ज्यांनी त्या मखरात देव बसवला त्यांना काही वाटलं नाही, आणि वाटलं ते हिला, जिचे पैसे गेले.

सगळे दावे क्रमांकाला लावून झाल्यावर एक परतावा उरला. परत आलेला, किंमत कापलेली, आणि दावाच केलेला नाही.

"हा विसरलीस?"

"राहू दे ना, ताई."

"राहू दे काय? मुदतसुद्धा निघून गेली—"

"अहो, राहू दे म्हटलं ना!" ती कधी आवाज चढवत नाही. मी ऑर्डर उघडली. पत्ता शनिवार पेठेतला. माझी इमारत, माझ्या वरचा मजला.

गणपतीत मी त्या घरी आरतीला गेले होते. जावेच्या हातचं आहे हे न ओळखता त्या मखरासमोर टाळ्या वाजवल्या होत्या, उकडीचे मोदक खाल्ले होते, आणि "किती सुबक आहे हो" असं कौतुकानं म्हटलंही होतं.

"तुमच्या रोजच्या येण्याजाण्यातल्या," जाऊ म्हणाली. "तुम्हाला अवघडायला नको म्हणून मी काही केलंच नाही."

चुकीनं कापलेलं भाडं आणि गोदामात बसलेली मखरं यांचे दावे आम्ही त्याच दिवशी घातले, प्रत्येकाला पार्सल कुठे कुठे फिरलं त्याचा पुरावा जोडून. दोनदा नामंजूर झाले, तिसऱ्यांदा मंजूर. त्या पैशांतून दोघींची शिलाई चुकती झाली. जावेच्या स्वतःच्या हातात काही उरलं नाही. वापरलेल्या मखरांचा एक रुपया आला नाही.

शिलाई दिली त्या संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर गेले. दार शेजारीणबाईंनीच उघडलं. मी मखराचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "अहो, ते आम्ही कंपनीला परत केलं. तशी सोयच आहे त्यांची. त्यात काय?"

"कंपनीची दमडी गेली नाही. किंमत, येण्याजाण्याचं भाडं, सगळं माझ्या जावेच्या खात्यातून गेलं. मखर तिचं होतं."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, लाजल्या. बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"अगंबाई, तुमच्या जाऊबाई करतात होय! आधी नाही का सांगायचं? मग पुढच्या वर्षी थेट त्यांच्याकडूनच घेऊ. घरचंच म्हटल्यावर काही कमी करतील ना?"