जोडीदाराचा वेगळा पेला

नगरच्या तालमीत माझा जोडीदार आणि मी एकाच वजनाचे. सकाळ-संध्याकाळ मातीत आमचीच जोड लागायची आणि बदामाची थंडाई आम्ही एकाच पातेल्यातून प्यायचो. मी माळकरी. त्याला मटण चालायचं, पण तेही जत्रेपुरतंच मिळायचं.

एकदा त्यानं पुण्याहून क्रिएटिनचा डबा आणला. पांढरी, बेचव पावडर. रोज चमचाभर दुधात घालायचा. मी विचारलं तर म्हणाला, "मटनाचा अर्क हाय ह्यो. तुला माळकऱ्याला न्हाई चालायचा."

आणि मी गाढव, माळेपायी त्याचा पेलासुद्धा वेगळा ठेवायला लागलो! महिन्याभरात त्याचं अंग भरलं. संध्याकाळी दोन-तीन पकडी झाल्या की मी ढेपाळायचो, अन् हा पुन्हा तितक्याच जोरानं मला उचलायचा. निवडीच्या कुस्तीत त्यानं मला चितपट केलं.

त्यात खांदा दुखावला, म्हणून तालमीतल्या पोरांना बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बोलता बोलता त्या अर्काचा विषय निघाला. डॉक्टर हसले.

"क्रिएटिन मांसात असतं, हे खरं. पण डब्यातलं कारखान्यात बनतं, त्यात मांस नसतं. उलट मांस न खाणाऱ्याच्या अंगात ते कमी असतं, म्हणून त्यालाच जास्त गुण येतो."

मग म्हणाले, "हे सगळं तुझ्या जोडीदाराला सांगितलंय की मी. डबा आणला त्याच दिवशी आला होता विचारायला, माझा जोडीदार माळकरी आहे, त्याला चालेल का म्हणून."