सुतक फिटल्यावर धुतलेली किटली

नवऱ्याचं दहावं झालं आणि अकराव्या दिवशी शेजारणींनी रिवाजाप्रमाणे आमच्या घरातली एकूण एक भांडी अंगणात काढून चिंचेने नि राखेने घासली. त्या ढिगात विजेची किटलीही गेली. टोपात बुडवून, खालच्या वायरींच्या जागेसकट. मी पायरीवर बसून बघत होते. बुडवायची नसते हे मला माहीत होतं, पण तोंड उघडायचा कंटाळा आला. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

किटली सासूबाईंची. हात थरथरतात म्हणून त्यांना गॅस पेटवता येत नाही. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती आणली तेव्हापासून पहाटेचा चहा त्या स्वतः करत. तो रात्री पाणी भरून ठेवी, त्या फक्त खटका दाबत. दुसऱ्या दिवशी त्यांनी किटली मागितली आणि माझे डोळे उघडले: आत पाणी शिरलेलं असलं तर शॉक त्यांना बसणार.

मी ती तीन दिवस उन्हात उपडी घातली. मग गावातल्या वायरमनने बूड उघडून गंज नाही ना ते पाहिलं, मीटर लावून किटलीच्या अंगात करंट उतरत नाही याची खात्री केली. आत मात्र बोअरच्या पाण्याचा पांढरा थर तसाच होता. राखेने घासून तो जातो थोडाच! सरबतात घालतात ते लिंबूसत्व दोन चमचे पाण्यात टाकलं, किटली भरली आणि प्लग लावला. खटक्याकडे हात जाईना. वायरमनचं काय, तो सांगून घरी गेला.

सासूबाई उठून आल्या. "सर बाजूला, मी दाबते. काय झाला तर म्हातारीलाच व्हईल."

"ह्या घरातून आता कोणी जायचं नाही," मी ओरडले.

आयुष्यात त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. त्या खाली बसल्या. खटका मीच दाबला. पाणी उकळलं, खटका आपोआप वर आला. अर्ध्या तासाने ओतलं तर थर गढूळ होऊन निघाला, उरलेला मऊ फडक्याने पुसला. बूड लख्ख, कुठे भोक नाही, काळा डाग नाही. साधं पाणी दोनदा उकळून फेकलं. तिसरं मी कपात घेऊन प्यायले. आंबट नाही, वास नाही, कपाच्या तळाशी कणही नाही. चालेल, म्हटलं.

त्या रात्री पाणी मी भरलं. पहाटे त्यांनी खटका दाबल्याचा आवाज आला आणि मी अंथरुणात श्वास रोखून पडून राहिले. पाणी खळखळलं. खटका वर आला. कपात चमचा वाजू लागला तेव्हा मी उशीत तोंड घालून रडले, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा.