डायरेक्टच्या रकान्यातली बाई

धाराशिवजवळ आमचं कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं युनिट आहे. खाली पॅकिंग चालतं, वर एका खोलीत मी वेबसाइट सांभाळते. दर सोमवारी मी आठवड्याचा रिपोर्ट छापून मालकांसमोर ठेवते: साइटवर किती लोक आले, कुठून आले, त्यातल्या किती जणांनी ऑर्डर दिली. मालक पन्नाशीचे, तुरीच्या व्यापारातून आलेले. त्यांना मोबाइलवरचे तक्ते आवडत नाहीत, कागद हातात लागतो.

जाहिराती एक मुरुम गावची बाई बघायची. लग्न झालेली, बी.ए. झालेली. घरूनच काम करायची आणि आठवड्यातून एकदा एस.टी.नं यायची. इथली माणसं पुण्याला, सोलापूरला गेलेली असतात, त्यांचे गावाकडच्या बातम्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात. त्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनशी बोलायचं, पैसे ठरवायचे आणि जाहिरात टाकून घ्यायची, हे तिचं काम. दोन-तीन लहान बातम्यांच्या अ‍ॅपवरही ती जाहिरात देई. मजकूर तीच लिहायची आणि झकास लिहायची.

सुरुवातीला तिच्या लिंकमागे अक्षरं-आकड्यांची एक लांब शेपूट असायची. ही जाहिरात, अमुक ग्रुपमधली, पैसे देऊन टाकलेली, अशी माहिती त्या शेपटीत असते. मग गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले. "ताई, ही लिंक फसवणुकीची तर न्हाय ना? एवढी लांब कशाला?" कोणाच्या तरी खात्यातून अशाच लिंकवरून पैसे गेले होते, त्यामुळे लोक बिचकत होते. मी तिला सांगितलं, शेपूट काढून टाक, स्वच्छ लिंक पाठव. तिनं काढली. फोन थांबले. मला माझा निर्णय शहाणपणाचा वाटला.

साइटवरची ये-जा मोजणारा अ‍ॅनालिटिक्सचा प्रोग्रॅम आलेल्या प्रत्येक माणसाला ठरलेल्या नियमानं कुठल्या तरी रकान्यात टाकतो. सर्चवरून आला, दुसऱ्या साइटवरून आला, सोशल मीडियावरून आला, पैसे दिलेल्या जाहिरातीवरून आला, असे ते रकाने. एका रकान्याचं नाव डायरेक्ट. मी त्याचा अर्थ सरळ घेतला होता: ज्यांनी आमचा पत्ता स्वतः टाइप केला ते.

महिन्याभरात तो रकाना सगळ्यांत मोठा झाला. जाहिरातीचा रकाना जवळपास रिकामा. मालकांनी कागद दोनदा वाचला.

"नाव झालंय आपलं," ते म्हणाले. "लोक सरळ येऊ लागलेत. मग ह्या जाहिराती कशाला?"

मी मान हलवली. त्या दिवशी मुरुमची ती बाई समोरच बसली होती.

"ताई," ती मला म्हणाली, "माझी ओळच न्हाय व्हय तुमच्या कागदावर?"

"आहे की. ही बघ."

"ही तर शून्याला टेकलीय."

"जे आहे ते आहे," मी म्हणाले. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

मालकांनी त्याच आठवड्यात जाहिराती थांबवल्या. तिला सांगितलं, पुढं काम निघालं तर कळवू. तिच्या घरी या कामाबद्दल आधीच कुरबुर होती. सासूबाईंचं म्हणणं, दिवसभर मोबाइल बघते आणि त्याला नोकरी म्हणते. आता ऑफिसच्या कागदानंच त्यांची बाजू घेतली.

जाहिराती थांबल्या आणि दोन आठवड्यांत डायरेक्टचा रकाना पाव हिश्श्यावर आला. बाकीचे होते तिथंच.

"दोन आठवड्यांत नाव विसरले व्हय लोक?" मालकांनी विचारलं. ते चिडले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही.

मी बसले आणि डायरेक्टमधली माणसं साइटच्या कुठल्या पानावर उतरली ते काढलं. मुखपृष्ठावर थोडीच. बाकीची सगळी चटणी-भाकरीच्या जोडपॅकच्या पानावर. त्या पानाचा पत्ता एवढा लांब आहे की मीसुद्धा तो टाइप करू शकत नाही. मग पुण्यातल्या शेकडो माणसांनी कसा केला असेल? तिच्या जाहिरातींतली लिंक मात्र त्याच पानाची होती.

तेव्हा मी नियम नीट वाचला, जो आधी वाचायला हवा होता. डायरेक्ट म्हणजे सरळ आलेले असं नाही. कुठून आले ते कळलं नाही, असे सगळे त्यात जातात. व्हॉट्सअ‍ॅपमधून किंवा एखाद्या अ‍ॅपमधून लिंक उघडली की आधीचा ठावठिकाणा बहुतेक वेळा सोबत येत नाही. शेपूट असती तर तिच्यावरून कळलं असतं. शेपूट मी कापली होती. तिच्या जाहिरातींवरून आलेला जवळपास प्रत्येक माणूस बेनामी होऊन डायरेक्टमध्ये जमा झाला, आणि त्या गर्दीकडं बघून आम्ही आमचं नाव झालं म्हणालो.

मी मालकांना तसंच सांगितलं. चूक माझी आहे, हेही.

"मग मागचं दुरुस्त कर," ते म्हणाले.

"मागचं होत नाही. शेपूट पुढच्या लिंकला लावता येते, येऊन गेलेल्या माणसाला नाही."

त्यांनी कागद उलटा ठेवला. "तिला बोलवून घे."

फोनवर बोलायची मला लाज वाटली. मी एस.टी.नं मुरुमला गेले. बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात ती काउंटरवर उभी होती, एका म्हातारीला इरकलीचे पदर उघडून दाखवत होती. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी स्टुलावर बसले. मग सगळं सांगितलं, काही न झाकता. उघडलेले पदर घडी घालत तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजे ती माणसं माझीच व्हती," ती म्हणाली.

"बरीचशी."

"किती?"

"ते आता सांगता येणार नाही."

तिनं खालच्या कप्प्यातून पिशवी काढली, पिशवीतून एक वही. कुठल्या ग्रुपमध्ये कुठल्या दिवशी किती वाजता जाहिरात पडली, सगळं तारीखवार. मी माझा मोबाइल उघडला आणि आम्ही दोघींनी तिथंच काउंटरवर पडताळून बघितलं. वहीत दुपारचे अडीच, तर इकडं अडीचनंतर डायरेक्टमध्ये उसळी. वहीत सुट्टीचा दिवस, तर इकडं सपाट. एवढं पुरेसं होतं. पण एकाच वेळी तीन ग्रुपमध्ये टाकलेली जाहिरात कुठल्या ग्रुपमुळं चालली, हे ती वहीही सांगू शकत नव्हती.

"लिंक आता छोटीच ठेवणार आहे," मी म्हणाले. "आपल्याच साइटच्या नावाची. दाबली की शेपूट मागून आपोआप जोडली जाते. लोक घाबरणार नाहीत आणि तुझी ओळ दिसेल. ये परत."

"न्हाय ताई."

"मालकांनीच पाठवलंय मला."

"राग न्हाय तुमच्यावर. पर हितं मी साडी विकली की शेठला दिसतं. घरी जाऊन कुणाला कागद दाखवावा लागत न्हाय." मग थोडं हसून, "वही न्या तुम्ही. ग्रुपवाल्यांचे नंबर हायेत मागच्या पानावर. जळकोटचा अ‍ॅडमिन उधारीवर जाहिरात टाकतो, त्याला आधी पैसे देऊ नका."

मी वही घेऊन आले. पहिल्या नव्या लिंकला मी शेपटीत 'जाहिरात' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, तर प्रोग्रॅमनं ती कुठल्याच रकान्यात घेतली नाही, अनअसाइन्ड म्हणून बाजूला टाकली. त्याच्या नियमाला तो शब्द माहीत नव्हता. त्याला कळणारा 'पेड' हा शब्द घातला, तेव्हा जाहिरातीचा रकाना भरू लागला. आता मी टाकते जाहिराती. मजकूर तिच्यासारखा जमत नाही, ऑर्डरी पूर्वीइतक्या नाहीत.

सोमवारचा कागद अजून छापते. डायरेक्टच्या आकड्यासमोर पेनानं लिहिते: माहीत नाही. मालक दर वेळी ते वाचतात आणि कागद फायलीला लावतात.