न नोंदलेल्या नोटिसा

मी ऑडिटवाली बाई. लोकांना वाटतं, ऑडिट म्हणजे पावत्या तपासणं. अहो, पावत्यांना माझी काय गरज? मी अंदाज तपासते. इन्शुरन्स कंपनीच्या ताळेबंदात मोठा आकडा अंदाजाचाच असतो. अपघात होऊन गेलेले असतात, भरपाई अजून द्यायची असते आणि किती ते कुणालाच नक्की ठाऊक नसतं. काही दावे आलेले, पण निकाल नाही. काही तर अजून आलेलेच नाहीत. ट्रकखाली माणूस गेला, त्याची बायको अजून वकील शोधतेय, पण तिच्यासाठीची रक्कम कंपनीनं आजच बाजूला ठेवायला हवी. ती किती, हे कंपनीचा अ‍ॅक्च्युअरी ठरवतो. तो कशाच्या जोरावर ठरवतो, हे विचारत बसणं हा माझा धंदा. असल्या धंद्यात माणसं फार जवळ येत नाहीत.

मला एक मैत्रीण होती. उल्हासनगरात कॅम्प तीनला, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत आम्ही समोरासमोर वाढलो. मशिनांच्या खडखडाटात अभ्यास केला, सिंधी शेजारणींकडे दाल-पकवान खाल्लं, एकमेकींच्या वेण्या ओढून भांडलो. मी सीए झाले, ती अ‍ॅक्च्युअरी. ती लग्न करून अंबरनाथला गेली. आई गेल्यावर मी बदलापूरला फ्लॅट घेतला, एकटीसाठी. दर रविवारी ती माझ्याकडे नाहीतर मी तिच्याकडे. तिच्या मुलीची मी मावशी. बाकी मला कोण होतं? कोणीच नाही, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

मग आमच्या फर्मकडे नेमकं तिच्याच कंपनीचं ऑडिट आलं. मी पहिल्याच दिवशी पार्टनरना सांगितलं, तिथे माझी जिवलग मैत्रीण आहे. त्यांनी तसं लेखी घेतलं आणि माझं काम दुसऱ्या मॅनेजरनं पुन्हा तपासायचं ठरलं. एवढं पुरेसं होतं म्हणे. मला नाही वाटलं. मी माझा नियम केला: ऑडिट सुरू झाल्यापासून हिशेबांवर सही होईपर्यंत तिला फोन नाही, भेट नाही, रविवार नाही.

"अगं, सोवळं पाळतेस की काय?" ती हसली.

"पाळते. शिवू नकोस मला."

"बरं बाई. मे महिन्यात आमरसाला ये मग."

दोन वर्षं हे नीट चाललं. ते महिने भकास जायचे. रविवारी मी भाजी आणायची, एका माणसाची करायची आणि टीव्ही मोठ्यानं लावून जेवायची.

तिसऱ्या वर्षी त्यांचे मुख्य अ‍ॅक्च्युअरी निवृत्त होणार होते. त्यांची जागा तिला मिळणार, हे सगळे धरूनच चालले होते. वाहनांच्या थर्ड पार्टी दाव्यांची टिपणी त्या वर्षी तिनंच लिहिली, आणि तिच्याच नावानं ती कंपनीच्या संचालकांच्या ऑडिट कमिटीपुढे जायची होती. त्या टिपणीवर तिची बढती उभी होती.

टिपणीचा गाभा सोपा होता. अपघाताच्या प्रत्येक वर्षाची एक आडवी ओळ घ्यायची. त्या वर्षातले दावे पहिल्या वर्षी किती आले, दुसऱ्या वर्षी किती, तिसऱ्या वर्षी किती, ते पुढे मांडत जायचं. जुन्या ओळी लांब, नव्या आखूड, म्हणून त्याचा त्रिकोण होतो. जुन्यांच्या चालीवरून नव्यांचं काय यायचं बाकी आहे ते काढायचं. आता कायद्यात दावा करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली होती. तिचं म्हणणं असं की, त्यामुळे उशिरा येणारे दावे आटणार, म्हणून बाजूला ठेवायची रक्कम कमी केली तरी चालेल. शेवटच्या वर्षाचे आकडे तिच्या बाजूनं होते. नवे दावे खरोखरच घटले होते.

मी टिपणी वाचली. छान लिहिली होती, तिच्या स्वभावासारखी, स्वच्छ. तरी माझं डोकं एका ठिकाणी अडकलं. दावे सगळ्याच ओळींत घटले होते. मुदत लागू होण्याआधीचे जे अपघात, त्यांच्या ओळींतही. अरे, त्यांना नवा कायदा लागूच नाही! मग ते कशानं घटले? कायद्यानं घटतील ते नव्या ओळींत. सगळ्याच ओळींच्या शेवटच्या घरात, म्हणजे एकाच वर्षाच्या आकड्यांत, एकदम खड्डा पडला, तर त्याचं कारण त्या वर्षी कंपनीच्या आत काहीतरी घडलं, हे असतं.

तेव्हा मी कंपनीच्या उल्हासनगरच्या क्लेम ऑफिसात गेले. कॅम्प दोनला, बाजारात, कापडाच्या दुकानावर. आम्ही बहुतेक वेळा सिस्टिममधला दावा घेऊन त्याचा कागद शोधतो. त्यानं खोटा दावा सापडतो, राहून गेलेला नाही सापडत. म्हणून मी उलटी निघाले: आधी कोर्टाच्या नोटिसा द्या, मग मी सिस्टिममध्ये शोधते.

तिथले मॅनेजर कॅम्पातच जन्मलेले सिंधी गृहस्थ, मोठे अगत्यशील. आधी थंडा मागवला. मग टेबलफॅनसमोरचा नोटिसांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"यातल्या पुष्कळ सिस्टिममध्ये दिसत नाहीत," मी म्हटलं.

"हां मॅडम, त्या अजून चढवल्या नाहीत," ते म्हणाले, अगदी सहज. "पहिले आम्ही पॉलिसी शोधतो. पॉलिसी पक्की मिळाली की मगच चढवायचं. तोपर्यंत इथे आराम करतात."

"हे कधीपासून?"

"हेड ऑफिसनं नवीन स्क्रीन दिली ना, तेव्हापासून. चढवली आणि पॉलिसी टायमात नाही मिळाली तर लाल दिवा लागतो. आपल्या ऑफिसात एक पण लाल नाही, साईं!"

छाती फुगवून सांगत होते बिचारे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी दिवा लावला, यांनी तो विझवला. कोणी लबाडी केली नव्हती. पण दावे घटले नव्हतेच. ते गठ्ठ्यात बसले होते, आणि माझ्या मैत्रिणीनं त्या गठ्ठ्यावर कायद्याचं नाव लिहिलं होतं.

जिना उतरून मी बाजारात उभी राहिले आणि मला रडू आलं. भर बाजारात, काय ते!

आमच्या फर्ममधल्या पोरांनी इतर शहरांतली ऑफिसं पाहिली. तीच स्क्रीन, तोच दिवा, तेच गठ्ठे. मी निष्कर्ष लिहून कंपनीच्या फायनान्सच्या साहेबांना पाठवला, रीतसर. त्यांनी आधी पार्टनरना फोन केला. "अ‍ॅक्च्युअरीचं सर्टिफिकेट आहे ना? तुम्ही त्याच्यावर विसंबता, तुमच्या रिपोर्टात तसं लिहिता. मग ही बाई कशात नाक खुपसतेय?" पार्टनर म्हणाले, सर्टिफिकेट त्यांचं, पण ते ज्या डेटावर उभं आहे तो आम्ही तपासायचा असतो. साहेब गप्प बसले. इतके गप्प की माझा निष्कर्ष त्यांनी कोणाला पुढे पाठवलाच नाही.

हे मला कमिटीच्या बैठकीत कळलं. ती उभी राहून बोलत होती. पांढरी साडी, मोठ्या दिवसांना नेसते ती. कायदा, मुदत, आटणारे दावे. तिच्या तोंडावरून मला दिसलं, हिला काहीच माहीत नाही. मग पार्टनर म्हणाले, "ऑडिटला काही प्रश्न आहेत," आणि माझ्याकडे वळले.

मी विचारलं. मुदतीच्या आधीच्या ओळींत घट का? ती पडद्याजवळ गेली आणि जुन्या ओळी एकेक करून वाचू लागली. मी नोटिसांचं सांगितलं. कमिटीतल्या एका वयस्कर सभासदांनी तिला विचारलं, "हे तुम्ही तपासलं नव्हतं?"

"नाही," ती म्हणाली. एवढंच. सबब दिली नाही, कोणाकडे बोट दाखवलं नाही.

पुढचं काम तिनंच केलं, आणि चोख केलं. प्रत्येक दावा सिस्टिममधल्या तारखेऐवजी नोटीस हातात पडल्याच्या तारखेला मांडला, गठ्ठ्यातलेही घेतले, त्रिकोण नव्यानं उभा केला. खड्डा जवळजवळ भरून आला. मुदतीचा परिणाम दिसायला अजून वर्षं जातील, तोवर तो धरायचा नाही, असं तिनंच लिहिलं. बाजूला ठेवायची रक्कम वाढली, नफा घटला, सह्या झाल्या. मुख्य अ‍ॅक्च्युअरी म्हणून कंपनीनं बाहेरून माणूस आणायचं ठरवलं.

सह्या झाल्यावरच्या रविवारी मी अंबरनाथला गेले. न बोलावता. तिनं दार उघडलं, बस म्हणाली, चहा टाकला.

"तू बरोबर होतीस," ती म्हणाली. "मला त्या ओळी दिसायला हव्या होत्या. त्याचा राग नाही मला, खरंच नाही. पण उल्हासनगरला गेलीस त्या दिवशी मला एक फोन का नाही केलास?"

"आपला नियम होता."

"तो मैत्रिणीसाठी होता. मी अ‍ॅक्च्युअरीचं विचारतेय. माझ्या जागी दुसरा कोणी असता, ज्याला तू ओळखत नाहीस, त्याला केला असतास?"

आकड्यांत गडबड दिसली की ज्याचे आकडे त्याला आधी विचारायचं, ही आमच्या कामाची साधी रीत आहे. मी ती सगळ्यांशी पाळते.

"केला असता," मी म्हटलं.

"मी एका रात्रीत बदललं असतं गं. माझं मीच. उभी राहून तेच सांगितलं असतं, जे तू सांगितलंस."

"तुला फोन केला असता तर उद्या लोक म्हणाले असते, मैत्रिणीला सांभाळून घेतलं."

"म्हणू दिलं असतंस." तिनं माझा कप उचलला. अजून अर्धा होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगणार? मी भांडले असते, ती भांडली असती तर. ती नाही भांडली. दारापर्यंत सोडायला आली, "सावकाश जा" म्हणाली. पुढच्या रविवारी मी फोन केला, तिच्या मुलीनं उचलला. आई झोपलीय म्हणाली, आणि मावशी म्हणायचं विसरली. नंतर मीच करणं सोडलं. बदलापूर-अंबरनाथ एका स्टेशनाचं अंतर.

यंदा पुन्हा त्याच कंपनीत आहे. नवे अ‍ॅक्च्युअरी बाहेरगावचे, मी त्यांना एकदाच भेटलेय. परवा आगीच्या दाव्यांच्या आकड्यांत काहीतरी खटकलं. मी तिथल्या तिथे त्यांना फोन लावला आणि सांगितलं.

"बरं झालं मॅडम, आधी बोललात," ते म्हणाले. "मी आजच दुरुस्त करतो. नाहीतर मीटिंगमध्ये माझी फजिती झाली असती."

"त्यात काय," मी म्हटलं. "सगळ्यांनाच सांगते मी."