'आय मोस्ट हंबली बेग टु स्टेट'

उल्हासनगरच्या कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली असल्याने, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माझ्या कन्येकडून मुलाखतीची तयारी मी स्वतः करवून घेतली होती. कंपनी नोकरभरतीसाठी कॉलेजात येणार होती. आदल्या दिवशी अंबरनाथच्या एका कारखान्यातील ज्येष्ठ इंजिनीअर मुलांशी चार शब्द बोलण्यास आले, तेव्हा मीही मागच्या बाकावर स्थानापन्न झालो.

"घाबरू नका," ते म्हणाले. "प्रश्न पूर्ण ऐका, श्वास घ्या, मग बोला. येत नसेल तर येत नाही म्हणा. आपलं प्रोजेक्ट मात्र कोळून प्या." मग त्यांनी नेमके माझ्या कन्येला उठवून स्वतःविषयी सांगण्यास फर्मावले.

मी पाठ करून घेतलेले तिने खणखणीत सुरू केले, "आय मोस्ट हंबली बेग टु स्टेट..."

"अगं, नोकरी हवी की जामीन?"

सगळे हसले. मी पंख्याचे निरीक्षण केले.

"बरं, प्रोजेक्ट काय केलंस?"

"टाकी भरली की पंप बंद करणारं सर्किट, सर. आमच्या बेलवलीच्या चाळीत टाकी रोज वाहते आणि बाबा खालून ओरडतात."

"उद्या हेच सांग. बाबांसकट."

तिने तसेच सांगितले, एका प्रश्नाला 'येत नाही' असेही निर्भयपणे कळविले, आणि तिची निवड झाली. होकाराचे पत्र तिने स्वतः दोन ओळींत लिहिले. मी तपासून खाली 'युअर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' घातले. तिने ते शांतपणे खोडले आणि सही केली.