तीनशे दिवसांची डाळ मिल

अर्ज मी स्वतः लिहिला होता, चार पानी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अर्ज कसा लिहायचा हे मला शाळेतल्या सरांनी शिकवलं. आधी मागणी, मग कारण, मग पुरावा. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही, म्हणून त्याच क्रमाने लिहिलं.

नालवाडीला माझी छोटी डाळ मिल आहे. मशीन आणि शेडसाठी बँकेकडून चोवीस लाख घेतले होते, सात वर्षांसाठी, महिन्याचा हप्ता साडेचाळीस हजार. सत्तावीस हप्ते वेळेवर गेले. मग जुलै आणि ऑगस्टचे दोन थकले. तिसराही थकला आणि जुलैच्या हप्त्याला नव्वद दिवस उलटले की खातं बुडीत धरलं जातं, हे मला ठाऊक होतं. माझ्याकडे जेमतेम महिना उरला होता. तारण होतं सिंदी मेघे गावातलं आमचं घर. बाबांनी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलून बांधलेलं. ते त्याच घरात राहतात आणि तारणाचं त्यांना नीट कळलेलं नाही.

कारण साधं होतं. नवी तूर जानेवारीत येते. भिजवलेली तूर आम्ही अंगणात उन्हात वाळवतो, त्यामुळे मिल जूनपर्यंत चालते आणि पाऊस लागला की थांबते. वर्षाचे जेमतेम एकशे तीस दिवस. बंद महिन्यांतही हप्ता मात्र तोच. म्हणून मी मागितलं होतं की जुलै ते डिसेंबर फक्त व्याज घ्या, सुरुवातीला महिन्याला सोळा हजार, आणि जानेवारी ते जून दरमहा साठ हजार घ्या. थकलेलं धरून बाकी अठरा लाख चाळीस हजार. सहा हंगामांत सगळं फिटतं, मुदत फक्त पंधरा महिन्यांनी वाढते. सोबत दोन वर्षांची विजेची बिलं जोडली. मिल कधी चालली नि कधी नाही, हे त्यांतच दिसत होतं.

दादा माझ्यासोबत बँकेत आला. तो आर्वीकडे शेती करतो आणि या कर्जाला जामीनदार आहे. इस्त्रीचा शर्ट घालून तो केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर बसला.

मॅनेजर साहेब सहा महिन्यांपूर्वीच बदलून आले होते. त्यांनी चारही पानं वाचली. पेन्सिलीने माझी बेरीज तपासली. म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. वेळापत्रकही चुकीचं नाही."

मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढली. कर्ज घेताना जोडलेला प्रोजेक्ट रिपोर्ट उघडला आणि माझ्यापुढे सरकवला. "हे वाचा."

'युनिट वर्षातून तीनशे दिवस, दोन पाळ्यांत चालेल.' खाली माझी सही. पानापानावर माझी सही.

"यातलं खरं कोणतं? हे की ते?"

तो रिपोर्ट मी कधी वाचलाच नव्हता. बँकेसमोरच्या गाळ्यात एक जण हे काम करतो, तेव्हाच्या साहेबांनीच मला त्याच्याकडे पाठवलं होतं. बारा हजार घेतले, फुल्या मारलेल्या जागा दाखवल्या, मी सह्या केल्या. कर्ज मिळतंय या आनंदात त्याचे आभारही मानले होते.

दादा माझ्याकडे वळला. "तू तं शिकलेला होय ना बे? मंग वाचलं काऊन नाई? तू वाचलं अशीन म्हून मी बी सही केली."

साहेबांनी फाइल मिटली. आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, एकशे तीस दिवस लिहून मी वर पाठवलं, तर वरचे विचारतील की मंजुरी देताना शाखा झोपली होती का. समोर जा. त्याच्याकडून नवं प्रोजेक्शन करून आणा. दोनशे सत्तर दिवस दाखवा. सारखा हप्ता, थोडी मुदत वाढवू. सगळ्यांचं निभेल."

"पण साहेब, सारखा हप्ता पुढच्या पावसाळ्यात पुन्हा थकेल."

"पुढचं पुढे."

ते वाईट माणूस नव्हते. पाणी विचारलं, पंखा वाढवला. त्यामुळेच मला जास्त किळस आली.

समोरच्या गाळ्यात खर्‍याचा तंबाखू-सुपारीचा वास भरला होता. टेबलाखालच्या डब्यात पिचकाऱ्यांचे थर. रिपोर्टवाल्याने आम्हाला पाहताच खुर्च्या झटकल्या. साहेबांचा फोन येऊन गेला होता. कॉम्प्युटरवर कोणाच्या तरी बेकरीचा रिपोर्ट उघडा होता, 'तीनशे दिवस, दोन पाळ्यांत.' त्याने तो तसाच ठेवून नाव खोडलं, माझं टाकलं आणि पाव होता तिथे डाळ लिहिली.

"दोनशे सत्तर न भाऊ? करून देतो. तुमच्यासाठी आठ हजार."

"मिल एवढी चालत नाही," मी म्हटलं.

तो गालातला खर्रा एका बाजूला सारून हसला. "कोनाची चालते? मागच्या बारीले तं काई बोलले नाई तुमी. चहा पेऊन गेलते."

पुन्हा किळस आली. त्या डब्याची आली, त्या हसण्याची आली, आणि तो खरं बोलत होता त्याची सर्वांत जास्त आली. खरंच, चहा पिऊन गेलो होतो.

बाहेर येऊन दादाला विचारलं, "काय करू?"

"मले काय इचारतं? घर बाबाचं हाय." मग म्हणाला, "या टाइमाले वाचून सही कर म्हंजे झालं."

बँकेच्या पायरीवर बसून मी अर्जाच्या शेवटी चार ओळी वाढवल्या. आधीच्या अहवालातला तीनशे दिवसांचा आकडा चुकीचा आहे, त्यावर मी न वाचता सही केली, शाखेने सुचवलेल्या माणसाने तो तयार केला होता, खरा आकडा विजेच्या बिलांत आहे. अर्ज आवक खिडकीवर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला.

साहेबांनी पुन्हा आत बोलावलं. "हे कशाला लिहिलंत? मी तुमच्या भल्याचं सांगत होतो." मी माझी प्रत घडी करून खिशात ठेवली. शिक्का पडला होता. दहा लाखांवरची अशी प्रकरणं बँकेच्या समितीपुढे जातात, त्यामुळे त्यांना तो अर्ज पाठवावाच लागला.

आठवड्याने एक तरुण अधिकारी मिलमध्ये आला. बंद मशीन पाहिली, मीटरचा फोटो काढला, बिलांवर बोट फिरवत म्हणाला, "हे आधीच का नाही कोणी बघितलं?" उत्तराची वाट न पाहता तो गाडीत बसला.

दोन दिवस बाकी असताना मंजुरी आली. वेळापत्रक माझंच. खात्यावर पुनर्रचनेचा शेरा बसेल, दर्जा खाली जाईल, काही काळ नवं कर्ज मिळणार नाही. ते मला मान्य होतं.

सह्यांसाठी एकतीस पानं होती. मी पहिल्यापासून वाचायला लागलो. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. दादा दाराशी उभा राहून मी पान उलटतो का ते पाहत होता. चोविसाव्या पानावर लिहिलं होतं, 'कर्जदाराने मंजुरीच्या वेळी चुकीची माहिती पुरवली होती, असे कर्जदाराने स्वतः कबूल केले आहे.' समोरच्या गाळ्याबद्दल एक शब्द नव्हता. शाखेबद्दलही नव्हता.

"माझं अर्धंच वाक्य घेतलं साहेब."

"बाकीचं इथे लागत नाही. बदलायचं तर पुन्हा समिती. तोवर परवाची तारीख जाईल."

खिडकीतून समोरचा गाळा दिसत होता. रिपोर्टवाला कोणा जोडप्याला खुर्च्या झटकून देत होता. बाईच्या हातात नवी कोरी फाइल होती.

मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. बाबांचं घर डोळ्यांपुढे आणलं आणि सही केली. मग पंचविसावं पान वाचायला घेतलं.